दुपारी तीनलाच बिघडणारा वजनकाटा

आमचं दुकान बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, वजनकाट्याचे मोठे लाल डिस्प्ले बनवतो, म्हणजे ट्रक काट्यावर चढला की ड्रायव्हरला लांबून दिसतो ना आकडा, तो. सहा अंक, मागे सहा ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टर चिप एकाला एक जोडलेल्या, दर क्लॉकला एक असे एकूण ४८ बिट आत ढकलायचे आणि मग एक लॅच पल्स द्यायचा. यात अवघड असं काही नाही असं मीही मे महिन्यापर्यंत लोकांना सांगत होतो.

मे महिन्यात फोन सुरू झाले. सकाळी डिस्प्ले ठीक, दुपारी दोन-तीननंतर मधेच आकड्यांचा चोथा. ट्रक उतरला, वजन बदललं की परत ठीक. ड्रायव्हर लोक फोटो काढून पाठवायचे, एकाने तर "तुमचा काटा चिनी बोलतो का" असं विचारलं. सर्व्हिसवाल्या पोरांनी ठरल्याप्रमाणे आधी पॉवर सप्लाय बदलला, मग केबल, मग अर्थिंगला शिव्या दिल्या. आमच्याकडे काहीही झालं तरी पहिला आरोपी अर्थिंगच असतो.

मला त्या फोटोतला एक "१" दिसला. १ म्हणजे उजवीकडच्या दोन उभ्या काड्या, सेगमेंट बी आणि सी. फोटोत मात्र सी आणि डी पेटलेले, म्हणजे खालची उभी आणि तळाची आडवी. बाकीचे अंक पण मी कागदावर काढून बघितले, सगळे एकेका सेगमेंटने पुढे सरकलेले. नॉइज असता तर कुठेही काहीही पेटलं असतं. इथे सगळ्या ४८ बिटांची रांग बरोब्बर एक पाऊल पुढे गेली होती, म्हणजे ४८ ऐवजी ४९ क्लॉक पोचले होते.

शेठनी मीटिंग घेतली. आमचा एक नवा पोरगा, हुशार आहे, पण कॉलेजातून ताजा, तो म्हणाला सर सेटअप टाइम व्हायोलेशन आहे, उन्हाने चिप स्लो होते. हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं बघू, आणि क्लॉक १ मेगाहर्ट्झवरून २५० किलोहर्ट्झवर आणला, हेअर ड्रायरने बोर्ड तापवला. सेटअपचा प्रॉब्लेम असता तर क्लॉक हळू केल्यावर डेटाला तयार व्हायला जास्त वेळ मिळतो, म्हणून तो गेलाच असता. इथे चोथा तसाच. क्लॉक स्लो करूनही जे जात नाही ते एकतर होल्ड असतं नाहीतर ग्लिच, म्हणजे नको तिथे उठलेला बारीक पल्स. होल्ड मी कागदावर तपासला, ५९५ ला क्लॉकनंतर ३ नॅनोसेकंद डेटा स्थिर लागतो आणि आमचा डेटा त्याच्या बऱ्याच नंतर बदलत होता. राहिला ग्लिच.

पोराने आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर लावला, २४ मेगाहर्ट्झ सॅम्पलिंगचा. दहा कॅप्चरमध्ये चार वेळा ४८ व्या क्लॉकनंतर एक बारीक रेघ, सहा वेळा काही नाही. "रँडम आहे सर, नॉइज." अरे बाबा, २४ मेगाहर्ट्झ म्हणजे तो दर ४२ नॅनोसेकंदांनी एकदा डोळा उघडतो, १५-१६ नॅनोसेकंदाची गोष्ट त्याला दहातून चारदाच दिसणार, हिशोब बरोब्बर जुळतो! रँडम दिसतंय ते उपकरणामुळे, सर्किट दरवेळी तेच करतंय.

मग मी कपाटातून मूळ टायमिंग डायग्राम काढला. हा आमच्या काकांनी काढलेला, दांडिया बाजारातले, आता रिटायर, सगळं ग्राफ पेपरवर आणि अक्षर असं की छापलंय वाटावं. वरच्या ओळीत क्लॉक, खाली त्याला पुढे सोडणारा एनेबल, त्याखाली दोघांचा अँड, म्हणजे दोन्ही १ असतील तरच १, तोच ५९५ चा क्लॉक. एनेबल येतो ७४एचसी७४ फ्लिपफ्लॉपमधून आणि तो फ्लिपफ्लॉप त्याच क्लॉकच्या चढत्या कडेवर चालतो. डायग्राममध्ये ४९ व्या कडेला क्लॉक वर जातो, एनेबल खाली येतो, दोन्ही एकाच उभ्या रेषेवर, आणि अँडची ओळ एकदम सपाट. देखणं.

पण एनेबल पडतो तो त्या कडेमुळेच पडतो, मग त्याच क्षणी कसा पडेल? मी ट्रेसिंग पेपर ठेवला, एनेबलची कड १५ नॅनोसेकंद उजवीकडे सरकवून परत काढली, आणि दोन रेषांच्या मधे ती फट उघडली. क्लॉक वर गेलाय, एनेबल अजून खाली आलेला नाही, अँडला दोन्ही १ दिसतात. खालच्या ओळीत एक काटकुळा पल्स उभा राहिला. त्याची रुंदी फ्लिपफ्लॉपच्या डिलेइतकी, क्लॉकच्या पिरियडशी संबंधच नाही, म्हणून क्लॉक हळू करून फरक पडला नव्हता.

आता प्रश्न हा की हा पल्स कायमच होता तर इतकी वर्षं चाललं कसं. काकांनी क्लॉकच्या लाइनवर रिंगिंगसाठी २२० ओहमचा रेझिस्टर आणि १०० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर टाकलाय, टाइम कॉन्स्टंट २२ नॅनोसेकंद. १५ चा पल्स त्यातून जाताना पाच व्होल्टपैकी जेमतेम अडीचपर्यंत चढतो, म्हणजे ५९५ च्या उंबरठ्यावर. उन्हात बंद डब्यात सीमॉस चिपचा डिले वाढतो, १५ चे १७-१८ होतात, पल्स रुंद होतो आणि उंबरठा ओलांडतो. सकाळी ठीक, दुपारी चोथा, त्याचं कारण हे. आणि गंमत म्हणजे ५९५ च्या पिनवर प्रोब लावला की आजार गायब, कारण प्रोबचेच दहा-बारा पिकोफॅरड त्यात मिळतात. शेवटी प्रोब अँडच्या आउटपुटवर, आरसीच्या आधी लावला, स्कोप पल्स विड्थ ट्रिगरवर ठेवला, ४० नॅनोसेकंदाहून बारीक असेल तरच पकड, आणि तो लगेच सापडला. सुबक १५ चा, ड्रायर लावला की हळूहळू फुगत जाणारा.

शेठ म्हणाले कॅपॅसिटर २२० चा टाका, दहा पैशाचं काम. खरं सांगतो, टाकून बघितला, तापवूनही दोन तास एक चूक नाही! पण त्या फ्लिपफ्लॉपच्या डेटाशीटमध्ये डिले २५ डिग्रीलाच जास्तीत जास्त ३५ लिहिलाय. ३५ चा पल्स २२० पिकोफॅरडमधूनसुद्धा परत अडीच व्होल्टच्या वर चढतो, मी हिशोब मांडून दाखवला. उद्या पर्चेसवाल्यांनी दुसऱ्या मेकचा माल आणला की हेच रामायण परत. यावर पर्चेसवाले माझ्यावर आठवडाभर रागावले होते.

मी बोर्डावरचा एक रिकामा इन्व्हर्टर घेतला, एक ट्रॅक कापला, एक जंपर मारला, आणि फ्लिपफ्लॉपला उलटा क्लॉक दिला. आता एनेबल क्लॉकच्या उतरत्या कडेवर बदलतो, तेव्हा क्लॉक खाली असतो, अँड बंद, पंधरा काय पन्नास नॅनोसेकंद उशीर झाला तरी बाहेर काही दिसत नाही. किंमत एवढीच की ४८ मोजणाऱ्या काउंटरला एनेबलचा डेटा तयार करायला पूर्ण मायक्रोसेकंदाऐवजी अर्धा मिळतो, ५०० मधून काउंटरचे ४०-५० आणि सेटअपचे १२ वजा केले तरी ढीगभर उरतात. ट्रेसिंग पेपरवर परत काढून बघितलं, या वेळी कडा मुद्दाम तिरक्या आणि सरकवलेल्या.

काकांना फोन केला. सांगावं की नाही हाच विचार चार दिवस चालला होता. ते सगळं ऐकून म्हणाले, "तो कॅपॅसिटर मी रिंगिंगसाठी टाकला नव्हता रे. एक जास्तीचा पल्स येत होता, तो टाकल्यावर गेला. डिस्पॅच दुसऱ्या दिवशी होता." डायग्राम नंतर काढलेला, फाइलसाठी.

नवीन बॅच जंपर मारूनच जाते. जुने बोर्ड लोकांच्या काट्यांवर तसेच आहेत, शेठ म्हणतात फोन आला की बघू. सध्या पाऊस आहे, फोन येत नाहीत.