"आम्ही केलं" म्हणत राहिले आणि इंटरव्ह्यू हातचा गेला

चाकणला एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत मी सहा वर्षं क्वालिटीला होते. जॉब बदलायचा म्हणून पहिला इंटरव्ह्यू दिला तेव्हा टेक्निकलची जाम तयारी केली होती, कंट्रोल प्लॅन, एफएमईए सगळं तोंडपाठ. आणि समोरच्या मॅडमनी विचारलं, "एखादा असा प्रसंग सांगा जेव्हा कस्टमर नाराज होता आणि तुम्ही ते सांभाळलंत."

प्रसंग होता ना माझ्याकडे. पण मी आधी आमचा प्लांट किती मोठा, पार्ट कुठला, लाइन कशी चालते, शिफ्ट कशा असतात हे सांगत बसले, मग म्हटलं आम्ही रूट कॉज काढला, आम्ही अ‍ॅक्शन घेतल्या, कम्प्लेंट क्लोज झाली. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, पण यात तुम्ही स्वतः काय केलंत?" मी परत म्हटलं, "आमच्या टीमने..." तिथेच गेलं. आठवड्याने रिजेक्शनचा मेल.

माझा मावसभाऊ एका कंपनीत एचआरला आहे आणि रोज माणसांचे इंटरव्ह्यू घेतो, त्याला फोन करून सगळं सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, "अगं, आपल्याला लहानपणापासून शिकवलंय मी-मी करू नये, म्हणून तू आम्ही-आम्ही करत बसलीस. समोरच्याच्या कागदावर तुझ्या नावापुढे रकाना असतो, त्यात टीमने केलेलं लिहिता येत नाही." मग त्याने पद्धत सांगितली. सिच्युएशन, अ‍ॅक्शन, रिझल्ट. स्टार म्हणतात त्यात मधे टास्क पण असतो, पण तो म्हणाला तू टास्क सिच्युएशनच्या शेवटच्या वाक्यात उरकून टाक, म्हणजे "हे शोधून बंद करायची जबाबदारी माझी होती" एवढंच. एकूण दोन मिनिटं, त्यातली सिच्युएशन वीस-पंचवीस सेकंदांच्या वर नाही, एक मिनिटाच्या वर वेळ अ‍ॅक्शनला.

ऐकायला सोपं वाटलं. लिहायला बसले आणि लक्षात आलं की मला माझाच प्रसंग नीट आठवत नाहीये!

प्रसंग असा. आम्ही एक ब्रॅकेट पाठवायचो, डावा आणि उजवा, दिसायला जवळजवळ सारखे, फक्त एका होलची बाजू वेगळी. कस्टमरच्या लाइनवर उजव्याच्या बिनमध्ये डावे पार्ट सापडले. किती सापडले? मला वाटत होतं दहा-बारा. जुने मेल काढले तर 14. स्टॉक किती तपासला? "बराच" असं डोक्यात होतं, सॉर्टिंगच्या शीटमध्ये 3,200 नग. रविवारची अख्खी दुपार मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप खणण्यात गेली, पण तयारीतलं खरं काम हेच होतं असं मला आता वाटतं. आकडे मनाने ठोकले तर पुढच्याच प्रश्नाला उघडे पडतो. फक्त कस्टमरचं नाव आणि ड्रॉइंग नंबर मुद्दाम बाजूला ठेवले, ते बाहेर सांगायचे नसतात, आणि सांगितले तर समोरचा उलट विचार करतो की ही उद्या आपलंही बाहेर सांगेल.

मग अ‍ॅक्शन. आधी लिहिलं होतं "रूट कॉज अ‍ॅनालिसिस केलं". भाऊ म्हणाला हे कुणीही म्हणेल, तू उठून कुठे गेलीस, कुणाशी बोललीस ते लिही. तेव्हा हळूहळू आठवत गेलं. मी त्याच दिवशी कस्टमरच्या गोडाऊनला दोन माणसं सॉर्टिंगला पाठवली. मग 14 पार्टांवरचे बॅच स्टॅम्प वाचले, सगळे एकाच दिवसाचे निघाले, म्हणजे रोजची गडबड नव्हती, त्या दिवशी शिफ्ट बदलताना कुठेतरी मिसळले असणार असं वाटलं. म्हणून मी दुपारी तीनच्या शिफ्ट चेंजला लाइनवर जाऊन उभी राहिले, दोन दिवस. तिथे दिसलं की जाणारा ऑपरेटर उरलेले डावे पार्ट ट्रॉलीवर ठेवून जातो आणि येणारा त्याच ट्रॉलीवर उजवे टाकायला सुरुवात करतो, बिन दोन्हीला निळेच. मी इन्स्पेक्शन फिक्स्चरमध्ये एक पिन बसवून घेतली, उलटा पार्ट बसतच नाही. आणि डाव्याचे बिन पिवळे केले. रिझल्ट, पुढचे सहा महिने मिक्सिंगची एकही कम्प्लेंट नाही.

आता यात प्रत्येक वाक्याला "मी" आहे, आणि खोटं काहीच नाही. पिन टूलरूमने बनवली, ते "टूलरूमकडून बनवून घेतली" असं म्हणायचं, म्हणजे त्यांचं श्रेयही राहतं आणि माझा भागही दिसतो.

पहिल्यांदा मी हे अख्खं पाठ केलं, ही चूक. भावाने मधेच तोडून विचारलं, "पण फायनल इन्स्पेक्शनला का नाही सापडलं?" आणि माझी गाडी रुळावरून जी घसरली ती परत चढेचना. मग पाठ करणं सोडलं, एका चिठ्ठीवर फक्त सात-आठ शब्द ठेवले: 14, स्टॅम्प, तीनची शिफ्ट, ट्रॉली, पिन, पिवळे बिन, सहा महिने. रोज फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचे आणि "आम्ही" किती वेळा आलं ते मोजायचे. पहिल्या रेकॉर्डिंगला अकरा वेळा!

अजून एक गोष्ट कळली, एकच प्रसंग दोन प्रश्नांना चालतो पण अ‍ॅक्शन बदलावी लागते. पिन बसवायला प्रॉडक्शनच्या सुपरवायझरांचा विरोध होता, पार्टामागे चार सेकंद वाढतात म्हणून. "सहकाऱ्याशी मतभेद" विचारलं तर स्टॅम्प-बिस्टॅम्प एका वाक्यात संपवायचं आणि सांगायचं की मी त्यांच्यासोबत स्टॉपवॉच घेऊन पन्नास पार्ट मोजले, वाढ दोनच सेकंदांची निघाली, मग ते तयार झाले. असे सहा प्रसंग वहीत काढले आणि नेहमीचे प्रश्न त्यात बसले. "चूक सांगा" ला मात्र हा चालेना, कारण त्यात शेवटी मी हिरॉइनच ठरते. त्यासाठी वेगळा काढला, कस्टमरला उशीर कळवायला मी दोन दिवस टाळाटाळ केली होती आणि त्यांची लाइन थांबली तो. सांगताना लाज वाटते, पण तोच खरा.

दुसऱ्या इंटरव्ह्यूला ब्रॅकेटचाच प्रसंग निघाला. सिच्युएशन तीन वाक्यांत संपवली. सर मधे तीनदा तोडत होते, चिठ्ठीतला पुढचा शब्द आठवला की परत रुळावर. शेवटी त्यांनी विचारलं, "ती पिन अजून आहे का तिथे?" नशीब की आदल्या रात्री जुन्या लाइनवरच्या काकांना सहज फोन केला होता. म्हटलं, "सर, वर्षभरात झिजली होती, उलटा पार्ट दाबला की बसायला लागला होता. काकांच्याच लक्षात आलं, आता दर तीन महिन्यांनी चेक करतात. झिजेचा विचार मी तेव्हा केला नव्हता."

सरांनी पहिल्यांदा मान वर केली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला जॉइन झाले.