०.३५ मोठा की ०.५?

आमच्या शाळेत दर महिन्याच्या शेवटी पालकांसाठी दोन पानी पत्रक निघतं, 'या महिन्यात मुलं काय शिकली'. सहावीच्या गणिताचा मजकूर माझ्याकडे असतो. वर्गात मी पीपीटीवरून शिकवते, त्यामुळे हे काम अर्ध्या तासाचं, असं मी धरून चालले होते. आउटलाइन व्ह्यू उघडला की सगळ्या स्लाइडचा मजकूर डावीकडे सलग दिसतो. तो उचलायचा, 'आपण पाहूया' असेल तिथे 'मुले शिकली' करायचं, की झालं पत्रक.

त्या महिन्यात दशांश अपूर्णांक होते. शनिवारी पत्रक वर्गाच्या ग्रुपवर गेलं आणि रविवारी सकाळीच एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. त्यांचं किराणा दुकान आहे.

"मॅडम, सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. पत्रकात लिहिलंय, ०.३५ हा ०.५ पेक्षा मोठा, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे. पण माझ्या काट्यावर अर्धा किलो ०.५०० येतं आणि साडेतीनशे ग्रॅम ०.३५०. पोरगी म्हणते, पत्रकातलंच बरोबर आहे."

मी पत्रक उघडलं. वाक्य खरंच तसं होतं, आणि 'मुले शिकली' याच्या खाली होतं.

मग पीपीटी पाहिली. ती स्लाइड चूक शोधण्याची होती. वर शीर्षक 'बंड्या म्हणतो', खाली त्याचं चुकीचं वाक्य. क्लिक केलं की वाक्यावर लाल फुली येते, आणि पुढच्या क्लिकला बाजूच्या चौकटीत उत्तर: ०.५ म्हणजे ०.५०, ५० शतांश. ३५ शतांशांपेक्षा जास्त. वर्गात या स्लाइडला चांगला हशा पिकला होता. पण आउटलाइनमध्ये फक्त शीर्षक आणि मुख्य चौकटीतला मजकूर येतो. फुली हा आकार, तो येत नाही. उत्तर मी वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाकलं होतं, तेही येत नाही. उरलं होतं ते बंड्याचं वाक्य. आणि 'बंड्या म्हणतो' हे शब्द पत्रकाला शोभत नाहीत म्हणून मीच खोडले होते.

त्यांची माफी मागितली, दुपारपर्यंत ग्रुपवर दुरुस्ती टाकली. पण मुलगी पत्रकाच्या बाजूने का उभी राहिली, हे डोक्यातून जाईना. तिने ती फुली पाहिली होती की.

सोमवारी तास सुरू होताच सगळ्यांना एक चिठोरा दिला. तीन जोड्या, प्रत्येकीतली मोठी संख्या ओळखा: ०.३५ व ०.५, ०.७ व ०.१२, ०.७५ व ०.५. हजर ३८ मुलं. तिसरी जोडी जवळपास सगळ्यांची बरोबर. पहिल्या दोन्ही जोड्या ११ जणांच्या चुकल्या, आणि त्यांत ती मुलगीही होती.

मग सरावाच्या स्लाइड पुन्हा चाळल्या. ०.७५ व ०.५, ०.६२ व ०.४, १.३८ व १.२. एकूण एक जोडीत जास्त अंकांची संख्याच मोठी! बंड्याच्या नियमानेही सगळी उत्तरं बरोबर येत होती. मुलं हात वर करत होती, मी पुढची स्लाइड लावत होते. भरीस भर, मी स्वतः वाचताना 'शून्य दशांश पस्तीस' म्हणायचे. पस्तीस ऐकल्यावर पाचाला मोठं कोण म्हणेल? 'शून्य दशांश तीन पाच' असं म्हणायला हवं होतं, हे मला माहीत होतं; जिभेला सवय नव्हती.

त्या वडिलांचा काटा मात्र या फंदात पडत नाही, कारण तो दर वेळी दशांश चिन्हापुढे तीन घरं भरूनच दाखवतो. ५०० आणि ३५०, तुलना सरळ. वर्गात मी तेच केलं: फळ्यावर ०.५ च्या पुढे शून्य लिहिलं, मग दोन्ही संख्या रुपये-पैशांत वाचायला लावल्या. पन्नास पैसे आणि पस्तीस पैसे. गुरुवारच्या दुसऱ्या चिठोऱ्यात चुकणारे तीन उरले. त्यांच्यासोबत मधल्या सुट्टीत बसले, ०.१२ हा बारा दशांश नसून एक दशांश आणि दोन शतांश, हे पटायला एकाला चौकटीचा कागद रंगवावा लागला.

आता पत्रक लिहिताना पीपीटी फक्त कोणते मुद्दे झाले ते आठवायला उघडते. मजकूर चिठोऱ्यांवरून लिहिते. मागच्या महिन्यात लिहिलं होतं: "०.४ आणि ०.४० सारखेच, हे बहुतेकांना जमतं. ०.७ आणि ०.१२ मध्ये काहीजण अजून अडखळतात. घरी वाण्याच्या पावतीवरची वजनं एकेक अंक सुटा करून वाचून घ्या."

मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, गणिताला एवढीच जागा? विज्ञानाचं पाऊण पान आहे."

म्हटलं, सर, एवढंच तपासलंय.