दोन घंटा, एक टोल

एकाच आवारात प्राथमिक आणि माध्यमिक असे दोन विभाग भरले की घंटाही दोन लागतात. समजा, प्राथमिकची तासिका ३५ मिनिटांची आणि माध्यमिकची ४० मिनिटांची आहे. सकाळी ७ वाजता दोन्हीकडे एकदम टोल पडतो. मग ७:३५ ला एक, ७:४० ला दुसरी, आणि दोघींचं अंतर वाढतच जातं. पुन्हा एकत्र कधी?

घाईत माणूस ३५ गुणिले ४० करतो आणि १४०० मिनिटं काढतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे ६:२०! त्या क्षणी दोन्ही घंटा एकत्र वाजतील हे खरं, पण तोवर त्या चारदा वाजून गेलेल्या असतील. दोन्ही संख्यांत ५ हा अवयव आहे आणि गुणाकारात तो दोनदा मोजला गेला. ३५ म्हणजे ५ × ७, ४० म्हणजे ५ × ८. सामाईक ५ एकदाच घ्यायचा: ५ × ७ × ८ = २८०. हाच लसावि. २८० मिनिटं म्हणजे ४ तास ४० मिनिटं, तेव्हा एकत्र टोल ११:४० ला. (वहीत '२ तास ८० मिनिटं' असं उत्तरही सापडतं, तिथे लसावि बरोबर असतो, घड्याळ चुकतं.)

पण हे सगळं सुरुवात एकत्र झाली तरच. माध्यमिकची पहिली घंटा ७:१० ला दिली तर? दोन्ही तासिका पाचच्या पटीत आहेत, त्यामुळे दोन घंटांमधलं अंतर पाच-पाचच्या टप्प्यांनीच बदलतं. सुरुवातीचा फरक १० असला तर तो कधीतरी शून्य होणारच. इथे १०:३० ला होतो, आणि पुढे दर २८० मिनिटांनी. फरक ७ मिनिटांचा असला तर मात्र कधीच नाही. ११:०५ ला प्राथमिकची घंटा वाजते, ११:०७ ला माध्यमिकची. याहून जवळ त्या येत नाहीत.

आणि मधली सुट्टी! पाठ्यपुस्तकातल्या घंटांना ती नसते. दोन्ही विभाग पुन्हा ७ ला सुरू करा, पण प्राथमिकला चार तासिकांनंतर २० मिनिटांची सुट्टी द्या. ती ९:२० ला लागते आणि ९:४० ला संपते. माध्यमिकची चौथी तासिकाही ९:४० लाच संपते. हिशोबात नसलेला एकत्र टोल पडतो! आता मोजणी तिथूनच नव्याने, आणि पुढची गाठ दुपारी २:२० ला. ज्या ११:४० साठी लसावि काढला, तेव्हा माध्यमिकची घंटा एकटीच वाजते. प्राथमिकची ११:२५ ला वाजून गेलेली, पुढची १२ ला.