आधी तिसरा तास, मग पहिला

मंगळवार

आज गणिताचे सर आणि मराठीच्या मॅडम दोघंही रजेवर. एकाचे पाच तास, एकीचे चार, म्हणजे नऊ ऑफ तास. मस्टरवर सह्या चालू असतानाच पर्यवेक्षक म्हणाले, "आधी पहिल्या तासाचं बघा, घंटा व्हायला आलीय." घाई त्यांची बरोबरच, पण पहिल्या तासापासून क्रमाने माणसं वाटत सुटलं की हमखास मधेच कुठेतरी अडतं. त्यामुळे मी नावं लिहायच्या आधी वेळापत्रकाच्या तक्त्यावर एकच गोष्ट बघते: ज्या तासाला वर्ग रिकामे आहेत, त्या तासाला मोकळे शिक्षक किती?

पहिल्या तासाला एकच वर्ग उघडा होता आणि मोकळे होते पाच जण. तिसऱ्या तासाला सातवी ब आणि नववी अ असे दोन वर्ग, आणि मोकळ्या फक्त हिंदीच्या मॅडम नि चित्रकलेचे सर. आमच्याकडे शक्यतो एकाला दिवसात एकच बदली तास द्यायचा असं ठरलेलं आहे. हिंदीच्या मॅडम पहिल्या तासालाही मोकळ्याच होत्या, आणि यादीत त्यांचं नाव सगळ्यांत वर. क्रमाने भरत गेले असते तर त्या आठवी अ वर गेल्या असत्या आणि तिसऱ्या तासाला एका वर्गाला कोणीच उरलं नसतं. मग कुणाला तरी "प्लीज, आजचा दिवस अजून एक घ्या ना" म्हणत फिरा. म्हणून आधी तिसरा तास भरला. पहिल्याला पाचांतून हिंदीच्या मॅडम वजा, तरी चार उरले. त्यांतल्या एकांना धाडलं आणि घंटा व्हायच्या आत काम झालं.

चौथा तास मात्र खरा त्रासाचा. दहावी अ चं गणित. त्या वेळी मोकळे दोघंच: विज्ञानाचे सर आणि इतिहासाच्या मॅडम. मॅडमचे सकाळपासून सलग तीन तास, मधल्या सुट्टीनंतर पुन्हा सलग दोन. तक्त्यावर त्यांचा चौथा तास 'मोकळा' दिसतो, पण तो काढून घेतला तर सुट्टीनंतर वर्गात आवाज फुटणार नाही. विज्ञानाच्या सरांचा दहावी अ वरच सातवा तास होता. त्यांना विचारलं, "सर, तुमचा सातवा चौथ्याला घेता का?" त्यांनी एकच प्रश्न केला, "आणि सातव्याला मला दुसरीकडे पाठवणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे. तास पुढे ओढून घेणाऱ्याची सुटलेली वेळ त्याचीच राहिली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी कोणी हो म्हणत नाही. मी बदली वहीत त्यांच्या सातव्यापुढे लगेच फुली मारली.

यात गंमत अशी की रिकामा तास नाहीसा झाला नाही, फक्त चौथ्यावरून सातव्यावर सरकला. पण सातव्याला चार जण मोकळे, आणि त्यांत दुसऱ्या तुकडीला गणित शिकवणाऱ्या मॅडम. म्हणजे दहावीचं विज्ञानही झालं आणि गणितही. नुसतं कोणीतरी वर्गात बसून "गप्प बसा, वाचा" म्हणण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. अर्थात सातवा तास प्रात्यक्षिकाचा असता तर हे जमलं नसतं. चौथ्याला प्रयोगशाळेत दुसरा वर्ग असतो. अदलाबदल करण्याआधी खोली बघावीच लागते, माणूस मोकळा असून भागत नाही.

दुपारी वही चाळत बसले. बदली तासांवरून कुरबुर होते ती बहुतेक "मलाच का?" अशी, आणि आपण उत्तर देतो ते नुसत्या बेरजेने: यांचे सहा, त्यांचे पाच. पण आठवड्यात बारा तास मोकळे असणाऱ्याचे सहा आणि सहाच मोकळे असणाऱ्याचे पाच यांची बरोबरी कशी होईल? पहिल्याचे निम्मे गेले, दुसऱ्याकडे एकच राहिला. म्हणून आता नावापुढे आठवड्याचे मोकळे तासही लिहून ठेवलेत. शिवाय जे स्टाफरूममध्ये समोर दिसतात आणि नाही म्हणत नाहीत, त्यांच्याच नावापुढे सह्या जास्त. शिपाईदादाही चिठ्ठी घेऊन आधी त्यांच्याकडेच जातात!

वहीत आणखी एक रकाना हवा होता, तो आज आखला: वर्गाचा. शिक्षकांच्या नावांनी लिहिलं की शिक्षकांवरचा भार दिसतो, पण नववी ब चा मराठीचा तास या महिन्यात किती वेळा बुडाला हे त्यातून कळतच नाही. वर्गवार मांडून पाहिलं तर तेवढा एकच तास पुन्हा पुन्हा आलेला. कारण साधं आहे. तो शेवटचा तास असतो आणि अर्ध्या रजा दुपारनंतरच्याच पडतात. उद्या पर्यवेक्षकांना विचारायचंय, तो तास सकाळी घेता येईल का. त्यासाठी भूगोलाच्या सरांचा दुसरा तास हलवावा लागेल आणि ते काही सहजासहजी ऐकणार नाहीत.