राजाबाई टॉवर, पुन्हा एकदा: रेघा मारून झाल्या, आता सूर पडतोय

आधी चांगली बातमी, मुंबईतल्या फोर्ट वॉकमध्ये लोकांना राजाबाई टॉवरची माहिती सांगतानाचा माझा बोलण्याचा स्पीड आटोक्यात आलाय. रविवारच्या फोर्ट वॉकचं रेकॉर्डिंग घरच्या प्रॅक्टिससोबत लावून बघितलं. आधी टॉवरबद्दल बोलायचा तुकडा घरी 1 मिनिट 50 सेकंदांचा व्हायचा आणि ओव्हल मैदानाच्या कडेला माणसं समोर आली की 1 मिनिट 20 मध्ये खल्लास. मग ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीतली शांतता कापून टाकली, तर उरलेलं बोलणं जवळजवळ सारखंच निघालं, घरचं 1:18 आणि तिथलं 1:14. म्हणजे टेन्शनमध्ये शब्द फारसे पळतच नव्हते, थांबेच गायब होत होते! "हळू बोल, हळू बोल" ऐकून शब्द ताणत बसण्यात काही अर्थ नव्हता हे तेव्हा कळलं.

तर थांबे आले. स्क्रिप्टवर छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, वाक्य संपलं की दोन, ही मागे सांगितलेली पद्धतच. आणि वॉक संपल्यावर ग्रुपमधल्या काकू काय म्हणाल्या? "अगं, छान होतं, पण स्टेशनवरची अनाउन्समेंट वाटत होती."

डोकंच फिरलं माझं. घरी येऊन कान देऊन ऐकलं तर काकू बरोबर. प्रत्येक रेघेवर माझा सूर खाली बसत होता, वाक्य संपल्यासारखा. "प्रेमचंद रायचंद यांनी" (धप्प) "दिलेल्या देणगीतून" (धप्प). ऐकणाऱ्याला दर वेळी वाटणार संपलं, आणि मी पुढे चालूच. त्यात सगळे थांबे एकाच मापाचे. एरवी गप्पा मारताना आपण असं करत नाही, "काल दादरला गेले होते ना," म्हणताना "ना"वर सूर वरच राहतो आणि समोरच्याला कळतं की अजून काहीतरी येतंय. म्हणून आता एका रेघेवर सूर वर किंवा सपाट ठेवायचा, तो खाली बसणार फक्त दोन रेघांवर. पेन्सिलने एका रेघेच्या टोकाला वर जाणारा छोटा बाण काढते, चालतंय.

पण एक वाक्य काही केल्या सरळ होईना. हे बघा:

"प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या आईचं नाव लाभलेला हा टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला."

यात कुठेही थांबलं तरी लटकल्यासारखं वाटतं, कारण कशाबद्दल बोलतोय ते "हा टॉवर" येईपर्यंत कळतच नाही, तोवर श्वास संपतो आणि मग "लाभलेला हा" याच्या मधेच हवा घ्यावी लागते. हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय की दोष रेघांचा नाहीच, वाक्यच कागदावरचं आहे. दिलेल्या, राहिलेला, लाभलेला ही रांग डोळ्यांना चालते, कानाला नाही. म्हणून बाणांची पुढची प्रॅक्टिस राहू दे, आधी वाक्य मोडते:

"हा राजाबाई टॉवर. // याच्यासाठी देणगी दिली / प्रेमचंद रायचंद यांनी. // राजाबाई म्हणजे / त्यांच्या आई. // टॉवर पूर्ण झाला / 1878 मध्ये. //"

आत्ताच मोठ्याने म्हणून बघितलं, बरंच सुटसुटीत! दर गटात एकच गोष्ट येते. थांबताना "देणगी दिली" हे एकत्रच ठेवायचं, "देणगी" म्हणून थांबलं की दिली की नाकारली हे ऐकणारा शोधत बसतो. आणि साल यायच्या आधी थांबायचं. "अठराशे अठ्ठ्याहत्तर" मी गडबडीत "अठराशेठ्ठ्यातर" करून टाकायचे, आधी अर्धा सेकंद मिळाला तर जीभ तयार होते आणि लोकांचे कानही.

श्वासाचं एकच, सुरू करायच्या आधी मोठ्ठा श्वास ओढू नका, खांदे वर जातात आणि मग ती सगळी हवा संपवायला बोलणं पळतं. आधी सोडा, मग आपोआप येईल तेवढाच घ्या.

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला स्वस्तातला कॉलर माइक रेकॉर्डिंगसाठी पुरेसा आहे, महागाच्या मागे लागू नका, फोमची टोपी मात्र हवीच, ओव्हलवरचा वारा थांब्यांमध्ये इतका घुसतो की ऑडॅसिटीला तिथे शांतता सापडतच नाही आणि मग हाताने कापत बसा.

पुढचा तुकडा सीएसएमटीचा, 1888 आणि वास्तुकार स्टीव्हन्स वगैरे. बाहेर बसचे हॉर्न आहेत, माझ्या अर्धा सेकंदाच्या थांब्यात हॉर्न वाजला तर थांबा लांबवायचा की सरळ पुढे जायचं? मी लांबवणार आहे, एक सेकंदापर्यंत. तुमच्यापैकी कुणी रस्त्यावर बोलत असाल तर काय करता ते सांगा.