मॉनिटर नसलेला पीसी आणि डमी प्लग: माझा अनुभव

माझा व्हिडिओ एडिटिंगचा डेस्कटॉप सांगलीच्या घरी असतो आणि मी नोकरीसाठी पुण्यात. रेंडरची जड कामं मी लॅपटॉपवरून त्याच मशीनवर सोडतो. त्याचा मॉनिटर पुण्याला आणला आणि अडचण सुरू झाली. पीसी चालू, नेट चालू, शेअर केलेले फोल्डरही उघडायचे, पण रिमोट ॲपने जोडलं की कधी काळा पडदा, तर कधी १०२४×७६८ चं चेपलेलं चित्र.

ॲप पुन्हा टाकून फरक पडेना, म्हणून बाबांना फोन केला. "बाबा, टीव्हीची एचडीएमआय केबल जरा पीसीला लावून बघता का?" त्यांनी केबल लावली आणि माझ्या लॅपटॉपवर लख्ख चित्र आलं. "आता काढा." काढली, चित्र गेलं. म्हणजे नेट आणि ॲप दोन्ही ठीक होते. पीसीला समोर पडदा हवा होता.

केबलमधून चित्र जाण्याआधी मॉनिटर आपली ओळख पाठवतो. नाव काय, कोणती रिझोल्यूशन्स चालतात, किती हर्ट्झ. या माहितीला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा असतो. ती मिळाली नाही की ग्राफिक्स कार्ड तो पोर्ट रिकामा धरतं. माझ्यासारखी रिमोट ॲप्स पडद्यावरचं चित्र टिपून पाठवतात. पडदाच तयार झाला नाही तर टिपणार काय? विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपला ही अडचण येत नाही, कारण तो प्रत्येक वेळी आपला वेगळा पडदा उभा करतो. पण बाहेरून येणारं कनेक्शन घ्यायला प्रो आवृत्ती लागते आणि माझ्याकडे विंडोज होम आहे.

डमी प्लग म्हणजे अंगठ्याएवढी एचडीएमआय पिन. आत एका छोट्या मेमरी चिपमध्ये हीच ओळख लिहिलेली असते, बाकी काही नाही. चारपाचशे रुपयांत मिळाला. तो कुठल्या पोर्टमध्ये लावायचा हे महत्त्वाचं. माझ्या पीसीला मदरबोर्डवर एक एचडीएमआय आहे आणि खाली आडव्या कार्डावर दुसरं. मदरबोर्डवर लावला तर डेस्कटॉप इंटेलच्या ग्राफिक्सवर चालतो आणि चित्र टिपून एन्कोड करायचं काम महागड्या कार्डाकडे नीट जात नाही. म्हणून बाबांना सांगितलं, "मागे खालच्या बाजूला आडवी पट्टी आहे ना, तिच्यातलं भोक." बरोबर लागलाय का ते इथून कळतं: Settings मध्ये System, Display आणि मग Advanced display. तिथे डिस्प्लेच्या नावाखाली तो कोणत्या कार्डाला जोडलाय ते लिहिलेलं असतं. माझ्याकडे एनव्हिडिया दिसलं.

प्लग ४केचा होता, त्यामुळे विंडोजने थेट ३८४०×२१६० धरलं. घरच्या अपलोडला ते झेपेना. माउस हलवला की चित्र मागून यायचं. १९२०×१०८० केल्यावर चौपट कमी पिक्सेल जायला लागले आणि टाइमलाइन ओढणं सुरळीत झालं.

नंतर व्हर्च्युअल डिस्प्लेही वापरून पाहिला. हा विंडोजचा ड्रायव्हर असतो, प्लगशिवाय पडदा तयार करतो. याचा खरा फायदा म्हणजे लॅपटॉपच्या २५६०×१६०० ला तंतोतंत जुळणारं रिझोल्यूशन. माझ्या प्लगच्या यादीत ते नव्हतंच. पण तो विंडोज सुरू झाल्यावरच जिवंत होतो, आणि एखाद्या अपडेटनंतर लोड झाला नाही तर लांबून दुरुस्त करायला पडदाच उरत नाही. म्हणून प्लग मी काढलेला नाही. दोन्ही असले की विंडोजला दोन मॉनिटर दिसतात आणि एखादी विंडो भलत्याच पडद्यावर उघडते. ती Win+Shift+डावा किंवा उजवा बाण दाबून अलीकडे येते. कायमचा उपाय म्हणजे Display मध्ये "Show only on" निवडून एकच पडदा ठेवणं.

बाबांनाही एकदा याचा फटका बसला. टीव्ही जोडून बँकेचं काम करायला गेले आणि लॉगिनची चौकट दिसेचना, नुसता वॉलपेपर. लॉगिन डमीच्या पडद्यावर उघडलं होतं. आता घरी कुणी बसणार असेल तर आधी प्लग काढायचा आणि काम झालं की परत लावायचा, असं ठरवून टाकलंय. तशी चिठ्ठी कॅबिनेटला चिकटवली आहे.

बायॉसची स्क्रीन मात्र यातल्या कशानेच लांबून दिसत नाही, कारण रिमोट ॲप विंडोजनंतर सुरू होतं. म्हणून वीज परत आल्यावर पीसी आपोआप चालू होण्याची बायॉसमधली सेटिंग मी गेल्या सुट्टीत टीव्ही जोडून, सांगलीतच करून आलो. स्लीपही बंद केली.