शंभर महिन्यांत दामदुप्पट

मी अल्पबचतीची एजंट आहे. माझ्याकडे येणारा माणूस व्याजदर क्वचित विचारतो, "दुप्पट कधी होतील?" हे मात्र हमखास विचारतो. म्हणून ७२ चा नियम आम्हाला पाठ असतो. ७२ ला व्याजदराने भागायचे, येतील तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट. किसान विकास पत्राचा दर ७.५ टक्के, म्हणजे ९.६ वर्षे, म्हणजे ११५.२ महिने. टपाल खाते ११५ महिने सांगते आणि लॉगने काढलेले उत्तरही ११५.०१ येते. कागदावर भागाकार करून इतक्या जवळ पोचता येते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

एस.टी.तून निवृत्त झालेले एक काका पाच लाख गुंतवायला आले, तेव्हा त्यांच्या हातात एका पतसंस्थेचे पत्रक होते. 'व्याजदर १२ टक्के. १०० महिन्यांत दामदुप्पट.'

"ताई, तुमच्या पत्राला साडेनऊ वर्षं लागतात. इथं सव्वाआठ वर्षांत काम होतंय, आणि दर बघा की!"

मी मनात ७२ ला १२ ने भागले. सहा वर्षे, म्हणजे ७२ महिने. मग पत्रकावर १०० कसे?

दर वाढला की नियम थोडा घसरतो हे मला माहीत होते, म्हणून आधी तीच शंका घेतली. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर लॉग २ ला लॉग १.१२ ने भागले. उत्तर ६.११६ वर्षे, म्हणजे ७३.४ महिने. नियमाची चूक जेमतेम दीड महिन्याची. अठ्ठावीस महिन्यांची तफावत तिच्या माथी मारता येत नव्हती.

ही चूक का होते हे एजंटांना कोणी शिकवत नाही, याची मला खंत आहे. २ चा नैसर्गिक लॉग ०.६९३ आहे. व्याज क्षणाक्षणाला मुद्दलात मिळत गेले असते तर भाज्य ६९.३ धरावा लागला असता. व्याज वर्षातून एकदाच मिळते तेव्हा दुप्पट व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून भाज्यही वाढतो. दराच्या प्रत्येक टक्क्यामागे ही वाढ साधारण ०.३५ असते. आठ टक्क्यांना ६९.३ मध्ये २.८ मिळवा, ७२ येतात. म्हणून आठच्या आसपास नियम चपखल बसतो, आणि ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ असे कितीतरी आकडे भाग घालतात ही आणखी सोय. आठच्या वर दर तीन टक्क्यांमागे ७२ मध्ये एक मिळवायचा, खाली गेलात तर वजा करायचा. २४ टक्क्यांना साधा नियम तीन वर्षे सांगतो. ७२ ऐवजी ७७.३ घेतले की ३.२२ येतात, आणि लॉगचे उत्तरही तेच आहे. बँकेच्या ठेवीवर व्याज तिमाहीने मुद्दलात मिळते, तिथे मी सरळ ७० धरते.

पत्रकाचे कोडे मात्र सरळव्याजाचे निघाले. महिन्याला एक टक्का, शंभर महिने, शंभर टक्के. मी काकांनाच पतसंस्थेत फोन लावायला सांगितला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितले, "व्याज सरळच आहे, मुदतीअखेर एकदम मिळेल." दोन्ही आकडे खरे होते. तरी चक्रवाढीने वाढणाऱ्या ठेवींच्या बाजारात असा '१२' ठळक छापणे मला लबाडीच वाटते.

मग नियम उलटा वापरला. शंभर महिने म्हणजे ८.३३ वर्षे. ७२ भागिले ८.३३ म्हणजे ८.६४ टक्के. लॉगने ८.६७. काकांना मिळणारा चक्रवाढ दर एवढाच. खरे १२ टक्के चक्रवाढीने मिळाले असते तर शंभर महिन्यांत पाच लाखांचे सुमारे बारा लाख शहाऐंशी हजार झाले असते, इथे दहाच होणार होते.

काकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तरी तुमच्यापेक्षा पंधरा महिने आधीच ना?"

ते बरोबरच होते. ८.६७ हे ७.५ पेक्षा जास्तच आहेत. मी त्यांना सांगितले की पत्रामागे केंद्र सरकार आहे आणि पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखे पाच लाखांचे विमासंरक्षण नसते. पत्रावर मला अर्धा टक्का कमिशन मिळते, हेही सांगितले.

त्यांनी तीन लाख पत्रात आणि दोन लाख पतसंस्थेत ठेवले. तेव्हापासून मी विचार करते आहे की सव्वा टक्क्याहून थोड्या कमी जादा व्याजासाठी तेवढी जोखीम रास्त होती का. ७२ चा नियम किंवा लॉग, दोन्ही पैसे परत येणार हे गृहीत धरूनच चालतात, आणि काकांनी खरे तर तेच विचारायला हवे होते.